घर एक, कर्जं दोन: तारण कुठलं ठेवायचं?

प्रश्न : माझं वय ४८. सांगलीत छोटा छापखाना आहे, रिटर्न सात लाखांच्या आसपास भरतो. वडिलांनी बांधलेलं दुमजली घर त्यांच्या पश्चात आई आणि मी सांभाळतो, त्यावर कुठलंही कर्ज नाही. माझ्या मते ८० लाखांचं आहे. बहीण लग्न होऊन बेळगावला. मुलगी पुण्यात नोकरी करते, पगार ४५ हजार. तिच्यासाठी पुण्यात ४५ लाखांचा जुना वन बीएचके पाहिलाय. शिल्लक १२ लाख आहे. फ्लॅटमालक म्हणतात, करार ३८ लाखांचा करू, बाकी रोख द्या. एजंट म्हणतो, होम लोनच्या भानगडीत पडू नका, सांगलीच्या घरावर ३६ लाखांचं मॉर्गेज लोन काढा. १० टक्के, १५ वर्षं, पैसे दहा दिवसांत खात्यात, कशाला वापरले कोणी विचारत नाही, आणि पुण्याचा फ्लॅट मोकळा राहतो. त्याने तक्ता पाठवलाय, त्यात एकूण व्याजही होम लोनपेक्षा कमी दिसतं. शिवाय पुढच्या वर्षी १२ लाखांचं डिजिटल मशीन घ्यायचंय. काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. आधी तो तक्ता उघडू, कारण त्यातला प्रत्येक आकडा बरोबर असणार आणि तरी तो फसवणारा आहे.

३६ लाख, १० टक्के, १५ वर्षं म्हणजे महिन्याला ३८,६८६ रुपये हप्ता. पूर्ण मुदतीत व्याज जातं साधारण ३३ लाख ६३ हजार. शेजारच्या रकान्यात त्याने होम लोन ८ टक्क्यांनी, पण २० वर्षांसाठी मांडलं असणार. तिथे हप्ता ३०,११२ आणि एकूण व्याज ३६ लाख २७ हजार. झालं, मॉर्गेज लोन स्वस्त दिसायला लागलं! फरक व्याजदराने पडलेला नाही, पाच वर्षं जास्त घेतल्याने पडलाय. तेच होम लोन १५ वर्षांचं करून पाहा. हप्ता ३४,४०३ आणि एकूण व्याज २५ लाख ९३ हजार. म्हणजे मुदत सारखी ठेवली की मॉर्गेज लोन ७ लाख ७० हजारांनी महाग.

आता याहून बोलका हिशोब. समजा, तुम्ही होम लोनच घेतलं, पण एजंट सांगतो तेवढाच ३८,६८६ चा हप्ता भरत राहिलात. ते कर्ज १४६ महिन्यांत, म्हणजे बारा वर्षं दोन महिन्यांत संपतं. मॉर्गेज लोनचे अजून ३४ हप्ते उरलेले असतात. त्या ३४ हप्त्यांची रक्कम होते तेरा लाखांच्या वर. तुमचं डिजिटल मशीन त्यात येऊन वर कागदालाही पैसे उरतील.

म्हणून मी कागदावर मुदत २० वर्षांचीच घ्यायला सांगेन. बँकेला बांधील हप्ता ३० हजारांचा राहतो, एखाद्या मंदीच्या महिन्यात तेवढाच भरायचा. निवडणुका, लग्नसराई, कॅलेंडर-डायऱ्यांचा हंगाम अशी छापखान्याची कमाई कधी उधाणाची, कधी ओहोटीची, हे मी तुम्हाला सांगायला नको. हात मोकळा असेल तेव्हा वरची रक्कम मुद्दलात टाकायची. फक्त भरताना बँकेला लेखी कळवा की हप्ता कमी करू नका, मुदत कमी करा. न सांगितल्यास काही ठिकाणी हप्ता खाली आणतात, आणि मग व्याजात फारशी बचत होत नाही.

दोन्ही कर्जांत घरच तारण असतं, मग दरात हा दीड-दोन टक्क्यांचा फरक का? आज चांगला सिबिल स्कोअर असलेल्या माणसाला होम लोन साधारण साडेसात ते साडेआठ टक्क्यांनी मिळतं. मॉर्गेज लोन बँकेत नऊ ते अकरा आणि वित्तसंस्थेत त्याहूनही वर. कारण एवढंच की होम लोनमध्ये बँकेला पैसा कुठे गेला हे ठाऊक असतं. खरेदीखताच्या वेळी डीडी किंवा आरटीजीएस थेट विकणाऱ्याच्या नावाने जातो. त्या पैशातून एक घर उभं राहिलेलं असतं, त्यात ग्राहक राहणार असतो, आणि लोक सगळे हप्ते थकवतात पण घराचा हप्ता शेवटपर्यंत भरतात हा बँकांचा जुना अनुभव आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी होम लोनसाठी बँकेला भांडवलही कमी अडकवून ठेवावं लागतं. मॉर्गेज लोनचा पैसा धंद्यात जातो, लग्नात जातो, जुनी देणी फेडण्यात जातो. तो परत यायची खात्री तितकी नाही, म्हणून दर जास्त, मुदत बहुधा १५ वर्षांपर्यंत (होम लोन ३० वर्षांपर्यंत जातं), आणि घराच्या किमतीच्या मानाने रक्कमही कमी.

दर पुढे कसा हलेल हेही विचारून घ्या. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना बदलत्या दराची नवी होम लोन रेपोसारख्या बाहेरच्या मापाशी जोडावी लागतात आणि निदान तीन महिन्यांतून एकदा दर नव्याने लावावा लागतो. २०२५ मध्ये रेपो साडेसहावरून सव्वापाचवर आला तेव्हा अशा कर्जदारांचे दर आपोआप उतरले. वित्तसंस्थांना हे बंधन नाही. त्यांचा दर त्यांच्या स्वतःच्या मापाला बांधलेला असतो, आणि ते माप वर जाताना जितकं चपळ असतं तितकं खाली येताना नसतं. एजंटचे दहा टक्के बँकेचे की वित्तसंस्थेचे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज दुसरा.

आता 'कशाला वापरले कोणी विचारत नाही' याबद्दल. हे अर्धं खरं आहे. पैसे खात्यात आल्यावर मागे माणूस लागत नाही. पण अर्जात आणि मंजुरीपत्रात कर्जाचा उद्देश लिहिलेला असतो आणि तुमच्याकडून तसं हमीपत्र घेतात. सट्टा, शेअर बाजार अशा गोष्टींना मनाई असते. मी बँकेच्या कर्जविभागात होतो तेव्हा एजंटांकडून आलेल्या अर्जांत हा रकाना भरलेला असायचा, तोही एकाच हस्ताक्षरात: 'व्यवसायवाढ'. ग्राहकाला विचारलं तर कोणाला मुलाला बाहेर शिकायला पाठवायचं असे, कोणाला शेतात विहीर पाडायची असे. तुमचा छापखाना आहे म्हटल्यावर तुमच्या अर्जातही हेच पडणार. मग उद्देश चुकीचा सांगितला म्हणून बँक कधीही बोट ठेवू शकते. आणि कागदावर व्यवसायाचं कर्ज असलं तरी पैसा फ्लॅटमध्ये गेल्याने त्याचं व्याज छापखान्याच्या खर्चात टाकता येत नाही. आयकरात वजावट कर्जाच्या नावावर ठरत नाही, पैसा कुठे गेला यावर ठरते.

मुदतीआधी फेडण्याच्या शुल्कातही हा रकाना आडवा येतो. बदलत्या दराचं कर्ज व्यक्तीने धंद्याखेरीज कारणासाठी घेतलं असेल, तर असं शुल्क लावायला मनाई आहे. व्यवसायाच्या कर्जावर मात्र ते सर्रास घेत. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर होणाऱ्या कर्जांना नवे नियम लागू आहेत, त्यात मोठ्या व्यापारी बँकांना व्यक्तीच्या व्यवसायकर्जावरही ते घेता येत नाही. लहान संस्थांच्या बाबतीत मात्र संस्था कुठल्या वर्गातली आणि रक्कम किती, यावर ते ठरतं. मंजुरीपत्राबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा तक्ता देणं बंधनकारक आहे. त्यात सगळी शुल्कं धरून पडणारा वार्षिक दर आणि मुदतपूर्व फेडीची अट छापलेली असते. एजंटचा व्हॉट्सअ‍ॅप तक्ता बाजूला ठेवा आणि हा मागा. मॉर्गेज लोनला एक टक्का प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ३६ लाखांवर ४२,४८० रुपये होतात. एजंटने ते कुठे दाखवलेत बघा.

मला खरा वास आला तो मालकांच्या रोखीच्या वाक्यात. होम लोन करारातली किंमत आणि बँकेच्या मूल्यांकनकाराची किंमत, यांतली जी कमी असेल तिच्यावर मिळतं. रिझर्व्ह बँकेची मर्यादा ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्के, आणि ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्के. करार ४५ लाखांचा असेल तर ३६ लाख मिळू शकतात. करार ३८ लाखांचा केला की जेमतेम ३० लाखांपर्यंत गाडी थांबते. मग वरचे १५ लाख, शिवाय मुद्रांक शुल्क, १२ लाखांत बसत नाही. म्हणून मॉर्गेज लोन! ते करारातल्या किमतीकडे बघतच नाही, आणि तुमच्या खात्यात आलेल्या पैशातून सात लाख रोख काढून मालकांच्या हातात ठेवता येतात. तुम्हाला महागडं कर्ज सुचवलं जातंय ते मालकांना कर चुकवता यावा म्हणून.

तुमचा त्यात फायदा एवढाच की सात लाखांवर सात टक्क्यांनी ४९ हजारांचं मुद्रांक शुल्क वाचल्यासारखं वाटतं. तेही रेडी रेकनरची किंमत ३८ लाखांपेक्षा जास्त निघाली तर पूर्ण वाचत नाही, कारण शुल्क जी किंमत जास्त तिच्यावर लागतं. पुढे कधी मुलीने फ्लॅट विकला तर तिची खरेदी कागदावर ३८ लाखांचीच राहील. सात लाखांचा न झालेला नफा तिच्या डोक्यावर येईल आणि साडेबारा टक्क्यांनी त्याचा कर होतो ८७,५००. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे मालकांच्या कानावर जरूर घाला. सौम्य शब्दांत घातलं तरी चालतं, बहुतेकदा उपयोग होतो. नाहीच झाला तर पुण्यात वन बीएचके आणखीही आहेत.

'पुण्याचा फ्लॅट मोकळा राहतो' हे ऐकायला गोड आहे. पण मग सांगलीचं घर अडकतं, ज्यात आई राहते. हप्ते तीन महिने थकले की खातं अनुत्पादित ठरतं, बँक साठ दिवसांची नोटीस काढते आणि नंतर ताबा घेऊ शकते. दोन्ही कर्जांत कायदा एकच. प्रश्न एवढाच की वाईट दिवस आलेच तर कुठलं घर पणाला लागलेलं असावं. होम लोनमध्ये पुण्याचा फ्लॅट जाईल, मुलगी पुन्हा भाड्याने राहील. मॉर्गेज लोनमध्ये आईची खोली जाईल.

आणि तुमच्या घरावर ३६ लाख मिळतात असंही गृहीत धरू नका. मूल्यांकनाला येणारा माणूस टेप लावून मोजतो, पण धरतो ते नगरपालिकेच्या मंजूर नकाशात असेल तेवढंच. वडिलांच्या काळात वरचा मजला परवानगीशिवाय चढवला असेल, मागे पत्र्याची खोली असेल, तर ते त्याच्या अहवालात शून्य. तुमचे ८० लाख त्याच्या कागदावर ६२ झाले तर नवल वाटून घेऊ नका. त्याचे साधारण ५५ ते ६० टक्के धरले तर ३४ ते ३७ लाख होतात. म्हणजे फ्लॅटसाठी घराची सगळी ताकद एका दमात संपली. पुढच्या वर्षी मशीन घ्यायला जाल तेव्हा तारण ठेवायला काही उरणार नाही.

मला तर हीच मुख्य गोष्ट वाटते. होम लोनचा पैसा एकाच कामाला चालतो: घर घेणं, बांधणं, दुरुस्त करणं. म्हणून तो स्वस्त. मॉर्गेज लोनचा पैसा जवळजवळ कशालाही चालतो, म्हणून महाग. सांगलीचं मोकळं घर ही तुमची कुठल्याही कामाला येणारी पुंजी आहे. जे काम स्वस्त पैशात होतंय त्यावर ती घालवू नका. मशीनसाठी आधी मशीनवरचंच कर्ज विचारा. ते नाही जमलं तर १२ लाखांचं मॉर्गेज लोन तिथे शोभून दिसेल. उद्देश 'व्यवसाय' खरा असेल, आणि व्याज छापखान्याच्या खर्चात जाईल, करप्रणाली जुनी असो वा नवी. राहत्या घराच्या होम लोनच्या व्याजाला मात्र नव्या प्रणालीत वजावट नाही. जुन्या प्रणालीत वर्षाला दोन लाखांपर्यंत आहे, म्हणून मुलगी कुठल्या प्रणालीत आहे ते तिला विचारा.

व्यवहार मी असा बसवेन. फ्लॅट मुलीच्या एकटीच्या नावावर घ्या. मुख्य कर्जदार ती, सहकर्जदार तुम्ही. तिचं वय पाहता २० वर्षांची मुदत सहज मिळेल, तुमच्या एकट्याच्या वयावर ती ६८ पर्यंत गेली असती आणि काही बँका अडल्या असत्या. राज्यात घर फक्त स्त्रीच्या नावे असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुण्यात सातऐवजी सहा टक्के, म्हणजे ४५ लाखांवर २ लाख ७० हजार. नोंदणी फी ३० हजार. स्वतःचा हिस्सा ९ लाख. बरोबर १२ लाख झाले आणि तुमची शिल्लक संपली! सोसायटीचं हस्तांतर शुल्क (कमाल २५ हजार), वकील, बँकेची फी, एजंटची दलाली, रंगकाम यांना वेगळे लाख-दीड लाख लागतील. मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही, तेव्हा हे पैसे आधी जमवा, नाहीतर किंमत थोडी पाडून घ्या. यासाठी क्रेडिट कार्ड किंवा वैयक्तिक कर्ज काढू नका, होम लोनच्या मंजुरीच्या वेळी ते सिबिलमध्ये उघडं पडतं. विसार देण्यापूर्वी सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मागच्या सगळ्या करारांची साखळी आणि इमारतीचं भोगवटा पत्र यांच्या प्रती बँकेच्या वकिलाला दाखवा. मालकांचं स्वतःचं कर्ज त्या फ्लॅटवर चालू आहे का तेही विचारा. असेल तर पहिला डीडी त्यांच्या बँकेच्या नावाने निघतो, त्यात काही वावगं नाही.

एका प्रसंगात मी माझं मत बदलेन. इमारतीला भोगवटा पत्र नाही, किंवा जागा गुंठेवारीतली आहे, म्हणून बँकांनी त्या फ्लॅटला होम लोन नाकारलं, आणि तरी तुम्हाला तोच हवा असेल, तर दुसऱ्या घरावर कर्ज काढून तो घेणं हा एकच मार्ग उरतो. लोक तो घेतातही. पण बँकेच्या वकिलाने ज्या कागदाला हात लावला नाही त्यासाठी आईचं घर गहाण ठेवायचं का, याचं उत्तर तुमचं तुम्ही द्या.

शेवटी ते 'दहा दिवस'. तुम्ही लिहिलंय की घर वडिलांच्या पश्चात आई आणि तुम्ही सांभाळता. प्रॉपर्टी कार्डवर नावं कोणाची आहेत? वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर बेळगावच्या बहिणीचाही त्या घरात तुमच्याइतकाच हिस्सा आहे. बँकेचा वकील सर्च रिपोर्ट काढताना पहिला प्रश्न तोच विचारेल. मग एकतर बहिणीने दुय्यम निबंधकांकडे नोंदवलेलं हक्कसोडपत्र द्यायचं, नाहीतर तिनेही आईबरोबर तारणाच्या कागदांवर सह्या करायच्या. होम लोन घेतलंत तर आज हा विषय निघत नाही, मशीनच्या वेळी मात्र निघेल. तेव्हा प्रॉपर्टी कार्डाचा उतारा या आठवड्यातच काढून बघा आणि वारसनोंद झाली नसेल तर अर्ज टाका. हक्कसोडपत्राचं बहिणीशी बोलाल ते ती माहेरी आल्यावर, समोरासमोर, आईच्या देखत बोला. तिला आधी सांगा की हा तिचा हिस्सा आहे, आणि मग विचारा. एजंटने छापून आणलेल्या कागदावर बसस्टँडवर सही घेऊ नका. अशा एका सहीवरून बोलणं तुटलेले भाऊ-बहीण माझ्या टेबलासमोर बसून गेले आहेत, आणि कर्ज तर मंजूर झालंच नव्हतं.